सोलर पंप कोरडा चालून मोटर जळू नये म्हणून: ड्राय रन सेटिंग आणि फ्लोट स्विच, पहिल्यापासून

माझी पहिली मोटर जळाली तेव्हा कंट्रोलरमध्ये ड्राय रन संरक्षण होतं, आणि ते चालूही होतं. वाइंडिंगवाल्याने पंप उघडून दाखवला. इम्पेलर वितळून एकमेकांना चिकटले होते, खाली मोटरमधलं थ्रस्ट बेअरिंग खलास झालं होतं आणि गुंडाळीच्या तारेवरचं प्लॅस्टिक मऊ होऊन सुटलं होतं. "कोरडी चालली," एवढंच तो म्हणाला. संरक्षण असूनही हे कसं झालं, ते समजायला मला पुढचे दोन महिने लागले. तुमचे तेवढे वाचावेत म्हणून हे लिहितोय.

लेखातली जोडणी अशी आहे: बोअरमध्ये 5 एचपीचा एसी सबमर्सिबल पंप, वर सोलर पॅनल, मध्ये फ्रिक्वेन्सी कमीजास्त करणारा कंट्रोलर आणि पाणी साठवायला टाकी. तुमचा पंप डीसी असेल तर स्क्रीनवर हर्ट्झऐवजी आरपीएम दिसेल, पण विचार तोच राहील. उघड्या विहिरीचा वेगळा मुद्दा फ्लोटच्या टप्प्यात आहे.

आधी हे जमवा

कागदांत चार गोष्टी हव्यात. कंट्रोलरचं मॅन्युअल, पंपाचा हेड आणि पाण्याचा तक्ता, बोअरची माहिती (खोली, व्यास, पंप किती खोल सोडलाय) आणि वॉरंटी कार्ड. सेटिंग बदलल्याने किंवा कंट्रोलरचं झाकण उघडल्याने वॉरंटी जाते का, हे आधी पुरवठादाराला विचारून घ्या. मूळ सेटिंगचे सगळे आकडे वहीत उतरवा. मी उतरवले नव्हते, नंतर पस्तावलो.

हत्यारांत मल्टिमीटर, 200 लिटरचा ड्रम, घड्याळ, पाण्याची पातळी मोजायला खुणा केलेली दोरी किंवा टेप, पाण्याखाली चालणारं केबल जॉइंट किट आणि सेन्सरसाठी पुरेशी लांब केबल. ड्रम विसरू नका. या सगळ्या कामात मला सर्वांत जास्त त्यानेच शिकवलं.

झाकण उघडण्याआधी एक ताकीद. ऊन असेपर्यंत पॅनलकडून येणारी वायर जिवंत असते, कंट्रोलर बंद असला तरी. आधी कंट्रोलर थांबवा, मग डीसी आयसोलेटर बंद करा आणि कंट्रोलरवर लिहिलेली मिनिटं थांबा, कारण आतले कपॅसिटर लगेच रिकामे होत नाहीत. पंप चालू असताना पॅनलचे कनेक्टर ओढून काढू नका. डीसीची ठिणगी एसीसारखी आपोआप विझत नाही.

1. मोटर नेमकी कशी जळते ते समजून घ्या

बोअरच्या सबमर्सिबलमध्ये मोटर खाली आणि पंप वर असतो. पाणी ओढणारी जाळी या दोघांच्या मध्ये असते. म्हणजे पातळी जाळीपर्यंत उतरली तरी मोटर पाण्यातच उभी असते. म्हणूनच "मोटर तर पाण्यात आहे, तिला काय होणार" असं वाटतं. पण मोटर गार राहते ती अंगावरून वाहत जाणाऱ्या पाण्यामुळे. उपसा थांबला की भोवतीचं पाणी जागच्या जागी तापत राहतं. वर पंपाच्या बुशांना वंगण म्हणून पाणीच असतं. ते गेलं की बुश घासतात, प्लॅस्टिकचे इम्पेलर मऊ पडतात आणि शेवटी शाफ्ट जॅम होतो.

ओव्हरलोड रिले हे सगळं घडताना गप्प बसतो. पाणी उचलायचं ओझंच उरलेलं नसतं, त्यामुळे करंट वाढायच्या ऐवजी उतरतो. जॅम झाल्यावर करंट उसळतो, तेव्हा ट्रिप होतं. मग कंट्रोलर ठरलेल्या वेळाने पुन्हा सुरू करून पाहतो, पुन्हा ट्रिप, पुन्हा सुरू. माझी गुंडाळी बहुधा या खेळात गेली.

म्हणून ड्राय रन संरक्षण हे मुळात अंडरलोड संरक्षण असतं. पंप नेहमीपेक्षा कमी ओढतोय, म्हणजे पाणी तुटलं असावं, असा तो अंदाज असतो. ग्रिडच्या विजेवर हा अंदाज चांगला जमतो, कारण तिथे मोटरचा वेग एकच असतो. सोलरवर मात्र ऊन कमी झालं तरी पंप कमीच ओढतो. कंट्रोलरने "ऊन नाही" आणि "पाणी नाही" यांतला फरक ओळखायचा कसा? पुढचे टप्पे या प्रश्नाभोवतीच फिरतात.

2. बोअर किती देतो आणि पंप किती ओढतो ते मोजा

हा टप्पा गाळून थेट सेटिंगला हात घालू नका.

सकाळी पंप सुरू व्हायच्या आधी पातळी मोजा. माझ्या बोअरला जाळी 80 मीटरवर आहे आणि उन्हाळ्यात स्थिर पातळी 60 मीटरवर होती. म्हणजे जाळीच्या वर 20 मीटर पाणी. ऐकायला भरपूर वाटतं. पण 150 मिलिमीटर व्यासाच्या बोअरमध्ये एका मीटरला साधारण 17.5 लिटरच पाणी मावतं, म्हणजे सगळा साठा 350 लिटर. दोन ड्रमही भरत नाहीत!

मग भर दुपारी ड्रम लावला. पातळी वर असताना 200 लिटर भरायला 1 मिनिट 40 सेकंद लागले, पातळी खाली गेल्यावर 2 मिनिटं. सरासरी मिनिटाला 110 लिटर धरले. त्यानंतर पाणी तुटलं, पंप थांबवला आणि पातळी किती वेगाने वर येते ते पाहिलं. त्यावरून बोअरची आवक मिनिटाला साधारण 60 लिटर निघाली.

आता हिशोब सोपा आहे. पंप 110 ओढतो, बोअर 60 देतो, म्हणजे साठ्यातून मिनिटाला 50 लिटर जातात. 350 लिटर सात मिनिटांत संपतात. स्वच्छ उन्हाच्या दिवशी माझा पंप सुरू झाल्यावर सातव्या-आठव्या मिनिटाला हवा ओढत होता आणि मी "दिवसभर सोलर चालतोय" म्हणून खूश होतो.

तुमची आवक पंपाच्या उपशापेक्षा बारा महिने जास्त असेल तर टप्पा 4 वाचून सोडून द्या. सेन्सर मात्र तरीही बसवा.

3. किमान फ्रिक्वेन्सी ठरवा

सोलरवर मोटर जळायची आणखी एक वाट आहे आणि तिच्यात बोअर पाण्याने भरलेला असतो. वेग कमी असताना पंपाचा दाब इतका पडतो की पाणी वरपर्यंत पोहोचतच नाही. इम्पेलर फिरतात, पाणी आतल्या आत घुसळलं जातं, उपसा शून्य. मोटर गार करणारा प्रवाहही शून्य. पहाटे, संध्याकाळी आणि दाट ढगांत हे अर्धा-अर्धा तास चालू शकतं.

पंपाचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. तक्त्यात माझ्या पंपाचं 50 हर्ट्झवरचं कमाल हेड, म्हणजे पाणी शून्य असतानाचं हेड, 120 मीटर आहे. पाणी 60 मीटरवरून उचलून 3 मीटर उंच टाकीत टाकायचं, म्हणजे 63 मीटर चढ. तर:

```
किमान फ्रिक्वेन्सी = 50 × √(63 ÷ 120) ≈ 36 हर्ट्झ
```

36 च्या खाली माझ्या टाकीत थेंब पडणार नाही. वर थोडी जागा ठेवून मी 38 लावले. कंट्रोलरमध्ये कारखान्याहून याहून बराच खालचा आकडा होता, कारण तो कुठल्याही पंपाला चालेल असा ठेवलेला असतो. फ्रिक्वेन्सी 38 च्या खाली काही सेकंद राहिली की पंपाने झोपी जायला हवं, आणि उन्हाचा जोर आला की परत उठायला हवं. हे दोन आकडे एकमेकांना अगदी चिकटून ठेवू नका, नाहीतर ढगाळ दिवशी पंप दर मिनिटाला उठबस करेल.

किमान फ्रिक्वेन्सी वाढवल्याने सकाळचं पाणी कमी होईल अशी भीती वाटते. ड्रम लावून पाहा. त्या वेळेत तसंही पाणी येत नव्हतं, फक्त मोटरचा आवाज येत होता.

4. कमाल फ्रिक्वेन्सी खाली आणा

पंप दिवसातून वीस वेळा ड्राय रनवर ट्रिप होत असेल, तर संरक्षण उत्तम काम करतंय असं म्हणू नका. दर वेळी ट्रिप होण्याआधी काही सेकंद तो कोरडा फिरलेला असतो. उपसा आवकेशी जुळवला तर ट्रिपची वेळच क्वचित येते.

कंट्रोलरमध्ये कमाल फ्रिक्वेन्सीचा आकडा असतो. मी तो 50 वरून एकेक हर्ट्झने उतरवत गेलो. दर वेळी अर्धा तास पंप चालू ठेवून ड्रम लावला आणि पातळी पाहिली. 44 वर गाडी स्थिरावली. मिनिटाला साधारण 60 लिटर पाणी आणि पातळी 75 मीटरच्या आसपास टिकलेली, म्हणजे जाळीच्या 5 मीटर वर. पातळी आणखी उतरली तर चढ वाढतो, चढ वाढला की उपसा आपोआप कमी होतो आणि बोअर पुन्हा गाठतो. व्हॉल्व्ह अर्धा बंद करूनही हाच परिणाम साधतो. पण ज्यांच्याकडे फ्रिक्वेन्सी बदलायची सोय आहे त्यांनी व्हॉल्व्हला ओझं का द्यावं?

पाणी कमी झालं का? मिनिटाला 110 लिटर देणारा पंप सात मिनिटं चालून अर्धा तास बसायचा. आता 60 लिटर देणारा सलग चालतो. टाकी आधीपेक्षा लवकर भरते.

एक मर्यादा लक्षात ठेवा. मोटर गार राहायला किमान किती प्रवाह लागतो ते मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. बोअर इतका कमजोर असेल की त्या प्रवाहाखाली उतरावं लागतंय, तर पंपच मोठा पडलाय, आणि ते सेटिंगने सुटणारं दुखणं नाही.

5. अंडरलोडचा आकडा लावा

माझी पहिली मोटर का जळाली ते इथे कळतं. कंट्रोलरच्या स्क्रीनवर पॉवर दिसते. मी वेगवेगळ्या वेळी हे आकडे टिपले:

- 50 हर्ट्झ, भरपूर पाणी: 3.6 किलोवॅट
- 50 हर्ट्झ, पाणी तुटून हवा येताना: 1.5 किलोवॅट
- 40 हर्ट्झ, सकाळी, पाणी व्यवस्थित: 1.7 किलोवॅट
- 38 हर्ट्झ, पाणी बारीक पण चालू: 1.4 किलोवॅट

दुसरी आणि चौथी ओळ शेजारी ठेवून पाहा. दुपारी कोरडा पंप 1.5 ओढतो आणि सकाळी पाणी देणारा पंप 1.4! माझा आकडा सुरुवातीला 1.8 होता. त्यामुळे रोज सकाळी पाणी चालू असताना ट्रिप व्हायचं. तक्रार केली, तेव्हा आलेल्या तंत्रज्ञाने तो 1.0 वर आणला. सकाळच्या ट्रिप बंद झाल्या, मी त्याला चहा पाजला आणि दुपारचं संरक्षण त्या क्षणी मेलं. 1.5 ओढणारा कोरडा पंप 1.0 च्या आकड्याला कधीच सापडणार नव्हता.

काही कंट्रोलरमध्ये फ्रिक्वेन्सीनुसार वेगवेगळे आकडे देता येतात, म्हणजे 40 ला एक आणि 50 ला दुसरा. तुमच्यात ती सोय असेल तर दोन-तीन फ्रिक्वेन्सीवर पाणी असतानाची पॉवर टिपा आणि प्रत्येक ठिकाणी तिच्या आणि कोरड्या पॉवरच्या मधला आकडा द्या. ती सोय नसेल तर टप्पा 3 आणि 4 इथे कामाला येतात. पंप आता 38 ते 44 एवढ्याच पट्ट्यात चालतो. 44 वर कोरडी पॉवर 1.0 च्या आसपास येते, कारण पॉवर वेगाच्या घनाच्या प्रमाणात उतरते. आणि पाणी असतानाची सगळ्यांत कमी पॉवर 38 वरची 1.4 आहे. मध्ये मोकळी जागा मिळाली. मी 1.25 लावला, आणि तो सकाळ-दुपार दोन्हीकडे बरोबर ओळखतो.

माझे आकडे उचलून तुमच्या कंट्रोलरमध्ये टाकू नका, ते माझ्या पंपाचे आहेत. कोरडी पॉवर मोजायला पंप मुद्दाम कोरडा चालवत बसायचीही गरज नाही. पाणी फुसफुसत तुटायला लागलं की स्क्रीन वाचायची आणि लगेच थांबवायचं, पाच सेकंद पुरतात. करंटपेक्षा पॉवर पाहा, कारण एसी मोटर रिकामी फिरली तरी बराच करंट ओढते आणि फरक नीट दिसत नाही.

सोबत दोन वेळा लावायच्या असतात. पहिली, आकड्याखाली किती सेकंद गेल्यावर थांबायचं. मी 8 सेकंद ठेवले. एखादा हवेचा बुडबुडा आला म्हणून थांबू नये आणि कोरडा फिरतही राहू नये, एवढाच हेतू. दुसरी, थांबल्यावर किती वेळाने परत सुरू करायचं. इथे बहुतेक जण घाई करतात. माझ्या बोअरचे 350 लिटर भरायला कागदावर सहा मिनिटं लागतात. पण पातळी वर येईल तशी आवक मंदावते, प्रत्यक्षात 15 मीटर भरायला 25 मिनिटं लागली. म्हणून 30 मिनिटं ठेवली. पाच मिनिटं ठेवली असती तर पंप दिवसभर घोटभर पाणी पिऊन कोरडा पडत राहिला असता.

आणखी एक तपासा. काही कंट्रोलर ऊन गेल्यावर बंद पडून पुन्हा उठले की ही थांबायची वेळ विसरतात. ड्राय रनवर ट्रिप झालेलं असताना आयसोलेटर बंद करा, पूर्ण विझू द्या, पुन्हा चालू करा. पंप लगेच फिरायला लागला तर ढगाळ दिवशीही असंच होणार हे समजा. अशा वेळी खालचा सेन्सर हाच खरा आधार.

6. बोअरमध्ये पातळीचा सेन्सर सोडा

अंडरलोड पाणी तुटल्यावर ओळखतो, सेन्सर तुटायच्या आधी. दोन्ही लावा. एकाच्या भरवशावर मी पुन्हा राहणार नाही.

केबलला लटकणारा मोठा फ्लोट बोअरमध्ये चालत नाही, त्याला डोलायला जागाच नसते. बोअरसाठी प्लॅस्टिकच्या नळीत बसवलेला छोटा फ्लोट येतो, त्याच्या आत चुंबक आणि रीड स्विच असतो. तो पंपाच्या वरच्या पाइपला बांधायचा. दुसरा प्रकार इलेक्ट्रोडचा. तीन उघडी टोकं वेगवेगळ्या खोलीवर सोडायची आणि पाण्यातून सर्किट पूर्ण होतं की नाही ते रिले पाहतो. इलेक्ट्रोडचा फायदा असा की थांबायची आणि परत सुरू व्हायची पातळी वेगळी ठेवता येते. तोटा म्हणजे क्षारयुक्त पाण्यात टोकांवर थर चढतो. शिवाय बोअरमध्ये वरच्या फटींतून पाणी झिरपत असेल तर ते इलेक्ट्रोडवर टपकत राहतं आणि खाली खडखडाट असतानाही "पाणी आहे" असा निरोप वर जातो. माझ्या बोअरमध्ये झिरप आहे, म्हणून मी फ्लोटचा सेन्सर घेतला.

तो जाळीच्या 3 मीटर वर, म्हणजे 77 मीटरवर बांधला. स्थिरावलेली पातळी 75 असल्याने रोज तो मध्ये पडत नाही. बांधताना तो उभाच राहिला पाहिजे, आडवा झाला तर आतला फ्लोट अडकतो. पाइप खाली सोडताना बोअरच्या भिंतीवर आपटू नये म्हणून वर-खाली दोन्हीकडे पट्टे आवळा.

सोडण्याआधी बादलीत चाचणी घ्या. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवा, सेन्सर उभा बुडवला की आवाज यायला हवा, बाहेर काढला की थांबायला हवा. नंतर जॉइंट करा, जॉइंटही बादलीत रात्रभर बुडवून ठेवा आणि सकाळी सेन्सर पाण्याबाहेर ठेवून रेझिस्टन्स मोजा. मीटरने सर्किट पूर्ण उघडं दाखवलं पाहिजे. काही किलोओहम दिसले तर जॉइंटमध्ये पाणी शिरलंय. असा जॉइंट आज चालेल, पण काही दिवसांनी कंट्रोलर त्या गळतीलाच "स्विच जुळलेला आहे, पाणी आहे" असं समजू लागेल. पंप 80 मीटर खाली गेल्यावर हे कळून उपयोग काय!

7. टाकीचा फ्लोट

टाकी भरली की पंप थांबवायचं काम हा करतो. वायर दोन किंवा तीन असतात. तीन असतील तर एक कॉमन, एक फ्लोट वर गेल्यावर जुळणारी आणि एक खाली असताना जुळणारी. रंगांवर विश्वास ठेवू नका, कंपनीगणिक बदलतात. फ्लोट हातात वर-खाली धरून मल्टिमीटरने ओळखा.

कोणती जोडी घ्यायची याचा एकच निकष माझ्या डोक्यात असतो: वायर तुटली तर पंप थांबला पाहिजे. म्हणून टाकीसाठी अशी जोडी घ्या जी फ्लोट लटकलेला असताना जुळलेली असते आणि वर तरंगला की सुटते. बोअर किंवा विहिरीसाठी उलट, पाणी असताना जुळलेली आणि पातळी उतरली की सुटणारी. म्हणजे "जुळलेलं असेल तर चाल, सुटलं तर थांब." उंदराने केबल कुरतडली तरी पंप थांबतो. त्रास होतो, पण मोटर जळत नाही. कंट्रोलरच्या इनपुटलाही हाच अर्थ सांगावा लागतो, ते सेटिंग मॅन्युअलमध्ये सापडेल.

टाकीत केबलवर वजन बसवा. वजनापासून फ्लोटपर्यंतचं अंतर जितकं जास्त, तितका चालू आणि बंद होण्यातला फरक जास्त. फार कमी ठेवलं तर टाकीत पडणाऱ्या पाण्याच्या लाटेनेच पंप चालू-बंद होतो. फ्लोट धारेपासून आणि भिंतीपासून लांब ठेवा.

उघड्या विहिरीत हाच फ्लोट बोअरच्या सेन्सरचं काम करतो. तिथे तो जाळीच्या किमान अर्धा मीटर वर थांबेल असा बांधा आणि पंपाच्या दोरीत गुरफटणार नाही इतका दूर ठेवा.

8. वायर जोडणं, आणि इथले सापळे

सेन्सर आणि फ्लोट दोन्ही कंट्रोलरच्या सिग्नल टर्मिनलला जातात. कुठे `COM` आणि `DI` लिहिलेलं असतं, कुठे नुसती खूण असते. स्वतंत्र इनपुट असतील तर वेगवेगळे जोडा, म्हणजे स्क्रीनवर कोणामुळे थांबलं ते कळतं. एकच असेल तर दोन्ही सिरीजमध्ये घ्या. वर सांगितलेल्या पद्धतीने जोडी निवडली असेल तर कोणीही एक सुटलं की पंप थांबेल.

पहिला सापळा जंपरचा. सेन्सर नसताना पंप चालावा म्हणून त्या टर्मिनलवर छोटी वायर टाकून ते जुळवून ठेवलेले असतात. सेन्सर जोडताना ती काढायची राहिली तर सेन्सर असून नसल्यासारखा, कारण टर्मिनल कायमच जुळलेले. एका परिचिताकडे सहा महिने असंच होतं आणि सेन्सरचा पूर्ण खर्च पाण्यात.

दुसरा सापळा याहून वाईट. पॅनलची किंवा मोटरची वायर थेट फ्लोटमधून नेणं. फ्लोटवर 10 अँपिअर, 250 व्होल्ट लिहिलेलं असतं ते एसीसाठी. पॅनलचा शेकडो व्होल्टचा डीसी त्याच्या कॉन्टॅक्टवर तुटत नाही. ठिणगी जळत राहते, मग कॉन्टॅक्ट चिकटतात किंवा फ्लोटच वितळतो. कंट्रोलर आणि मोटर यांच्या मध्ये स्विच घातला तर चालू असताना तोडल्याने कंट्रोलर जातो. फ्लोटमधून फक्त सिग्नल जाईल, दुसरं काही नाही.

तिसरा, सिग्नलची केबल मोटरच्या केबलला बांधून लांबवर नेणं. मोटरच्या केबलमधली गडबड सिग्नलमध्ये उतरते आणि पंप कारण नसताना थांबतो. बोअरमध्ये इलाज नाही, पण जमिनीवर दोन्ही वेगळ्या पाइपमधून न्या. टाकी लांब असेल तर पीळ दिलेली, जाळीचं आवरण असलेली केबल घ्या आणि आवरण फक्त कंट्रोलरच्या बाजूला अर्थ करा.

9. चाचणी घेतल्याशिवाय घरी जाऊ नका

पंप चालू असताना टाकीचा फ्लोट हाताने उचला, थांबला पाहिजे. सोडा, परत सुरू झाला पाहिजे. मग पंप थांबवून, वीज तोडून सेन्सरची एक वायर काढा आणि पुन्हा चालू करा. पंप फिरायलाच नको. ही वायरवाली चाचणी तंत्रज्ञ टाळतात, कारण जंपर राहिला असेल तर तिथेच उघडं पडतं. तुम्ही समोर उभं राहून करून घ्या.

शेवटी अंडरलोडची परीक्षा. कमाल फ्रिक्वेन्सी तात्पुरती 50 करून बोअर मुद्दाम उपसायचा मोह होईल, तो आवरा, कारण 1.25 हा आकडा 50 साठी लावलेलाच नाही. पंप 38 ते 40 च्या दरम्यान चालत असेल तेव्हा वरचा व्हॉल्व्ह बंद करा. पाणी अडलं की पॉवर आकड्याखाली जायला हवी आणि आठ सेकंदांत ट्रिप व्हायला हवं. झालं की व्हॉल्व्ह लगेच उघडा. 44 वर ही चाचणी घेतली तर माझ्या पंपाची बंद व्हॉल्व्हची पॉवर 1.5 राहते, म्हणून ट्रिप होत नाही, आणि ते चूक नाही. बंद व्हॉल्व्हमागे पंप पाण्याने भरलेला असतो, कोरडा नसतो.

10. ट्रिपची वही ठेवा

कंट्रोलर ट्रिपची यादी ठेवतो, पण जुन्या नोंदी पुसल्या जातात. मी आठवड्यातून एकदा वहीत दोन आकडे लिहितो: अंडरलोडने किती वेळा थांबला आणि सेन्सरने किती वेळा. सेन्सरच्या ट्रिप वाढू लागल्या तर बोअरची पातळी उतरतेय. मग मी कमाल फ्रिक्वेन्सी 44 वरून 43 करतो आणि ड्रम लावून पुन्हा पाहतो. सेन्सर गप्प आणि अंडरलोडच्या ट्रिप वाढल्या तर सेन्सरच खोटं बोलतोय. बहुतेक वेळा फ्लोट गाळाने अडकलेला असतो किंवा जॉइंट गळतोय. तेव्हा पाइप ओढेपर्यंत थांबायचं नाही. वीज तोडून वरच सेन्सरच्या दोन वायरी कंट्रोलरमधून सोडवा आणि पाणी खाली गेलेलं असताना रेझिस्टन्स मोजा. सर्किट उघडं दिसलं तर सेन्सर ठीक आहे, वरची जोडणी तपासा. काही किलोओहम दिसले तर जॉइंट, आणि सरळ जुळलेलं दिसलं तर अडकलेला फ्लोट. तो निघेपर्यंत परत सुरू व्हायची वेळ 30 ऐवजी 60 मिनिटं करून ठेवतो.

दोन्ही गप्प आणि टाकीत पाणी मात्र कमी, असं दिसलं तर ड्राय रनचा काही संबंध नाही. पाइपमध्ये गळती शोधा, आणि सुरुवात पंपाच्या वरच्या नॉन रिटर्न व्हॉल्व्हपासून करा.